आईचं घर आम्ही रिकामं केलं, दीड वर्षात पुन्हा भरलं. पसारा की आजार?

मृणाल_डों
लिहू की नको असं बरेच दिवस चाललं होतं. घरातली गोष्ट चव्हाट्यावर मांडतेय असं वाटतं, पण आता इलाज नाही.

आई ७१ वर्षांची आहे, डोंबिवलीत वन बीएचकेमध्ये एकटी राहते. बाबा नऊ वर्षांपूर्वी गेले. सामान आधीही होतंच, पण बाबा दर दिवाळीआधी माळा उपसायचे आणि आई चार दिवस धुसफुसायची. ते गेल्यापासून घर भरतच गेलं. धुऊन वाळवलेल्या दुधाच्या पिशव्या, मिठाईचे खोके, १९९८ पासूनच्या लग्नपत्रिका, कुणीतरी जिन्यात टाकलेली मोडकी खुर्ची. पलंगावर कडेची दीड फूट जागा उरलीय, तिथे ती कुशीवर झोपते. शेगडीचा एकच बर्नर वापरता येतो, कारण दुसऱ्यावर डबे आहेत.

गेल्या वर्षी मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी तिला मी पुण्याला आणलं. तेवढ्या वेळात दादाने दोन माणसं लावून घर रिकामं केलं. तीन दिवस लागले, दोन टेम्पो भरले. भिंतींना रंगसुद्धा दिला. आम्हाला वाटलं, आई खूश होईल. ती दारात उभी राहिली, रडली नाही, ओरडली नाही. एवढंच विचारलं, "निळा डबा कुठाय?"

बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा होता तो. त्यात तिच्या दोन बांगड्या आणि एफडीची पावती होती. आम्हाला माहीतच नव्हतं. बँकेतून पावतीची दुसरी प्रत मिळाली, बांगड्या गेल्या.

दीड वर्ष झालं. हॉल पूर्वीपेक्षा जास्त भरलाय. फरक एवढाच, की आता प्रत्येक पिशवीला गाठ मारलेली असते आणि कुलूप बदललंय. दादाला ती घरात घेत नाही. सोसायटीची नोटीस आलीय. दादा म्हणतो, "या वेळी एकदाच काय ते कायमचं करू." खरंच पुन्हा करावं का? की हा नुसता पसारा आहे आणि आम्हीच बाऊ करतोय?

गंपूतात्या
माझ्याकडे सात जुने चार्जर आहेत, त्यातले पाच कशाचे ते मला माहीत नाही. बायकोने हा धागा वाचला तर माझं काही खरं नाही. वाचनखूण साठवली. (साठवली!! बघा, मी पण त्यातलाच.)

नंद्या४३
मृणाल, स्पष्ट बोलतो. भरलं तर पुन्हा टेम्पो बोलवा. आमच्या काकांचं तीनदा केलं. चार दिवस रुसतात, मग जेवतात. म्हाताऱ्या माणसांचं सगळं मनावर घेत बसलं तर घरात उंदीर होतात.

विवेक_ओ
हा सरळसरळ ओसीडी आहे. माझ्या मेव्हण्याला होता, हात धुवायचा. गोळ्या सुरू केल्या, तीन महिन्यांत फरक पडला. चांगल्या मानसोपचारतज्ज्ञाकडून गोळी घ्या, विषय संपला.

सुगरण_सई
वर्षभर जे वापरलं नाही ते टाकायचं, हा माझा नियम. माळ्यावर आधी वर्तमानपत्र अंथरायचं, कपाटात कापूर ठेवायचा. झुरळांसाठी बोरिक पावडर आणि कणकेच्या गोळ्या. प्रमाण हवं असेल तर सांगते.

अडकित्ता
अशा धाग्यांवर शेवटी आम्हा संग्राहकांवर गाडी येते, म्हणून आधीच लिहितो. माझ्याकडे काड्यापेट्यांचे साडेतीन हजार छाप आहेत. घरचे म्हणतात, हा पण आजारच. पुण्यात काका केळकरांनी आयुष्यभर दिवे, अडकित्ते, दौती, दरवाजे गोळा केले, १९७५ साली सगळं सरकारला दिलं आणि आज लोक तिकीट काढून राजा दिनकर केळकर संग्रहालय बघायला जातात. त्यांच्या घरी कुणी टेम्पो आणला असता तर?

गंपूतात्या
@अडकित्ता, साडेतीन हजार पेट्या घरात आणि तुमचं नाव अडकित्ता. काडेपेटी घेतलं असतं तर विमा कंपनीने फोन केला असता.

केतकी_मानस
मी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे. या प्रकारच्या केसेस फार नाहीत, पण दहाबारा वर्षांत काही पाहिल्यात. इथे बसून निदान करणार नाही. मृणालने लिहिलेल्या दोनतीन गोष्टींवर मात्र बोलते.

अडकित्ताकाका, तुमचा एखादा छाप मागितला तर किती वेळात काढून द्याल? मला वाटतं पाच मिनिटांत. तुमच्याकडे वह्या असतील, दुहेरी आले की अदलाबदल करत असाल, काय हवं आणि काय नको हे ठरलेलं असेल. मुख्य म्हणजे तुम्ही जेवणाच्या टेबलावर जेवता आणि पलंगावर झोपता. केळकरांच्या वस्तू मांडलेल्या होत्या, लोकांना दाखवायच्या होत्या. मृणालच्या आईच्या वस्तू गाठ मारलेल्या पिशव्यांत आहेत. वस्तू किती आहेत यापेक्षा खोली ज्या कामासाठी आहे ते काम तिथे होतं का, हे मी आधी बघते. पसारा सगळ्यांच्या घरात असतो. दोन तास दिले, चिडचिड झाली, आवरला. इथे दोन तास दिले तर एक खोका होत नाही, आणि तो न होण्यात माणूस खरोखर कासावीस होतो.

दुसरं, "बाबा दर दिवाळीआधी माळा उपसायचे". हे वाक्य मला महत्त्वाचं वाटलं. बाबा गेल्यामुळे आईला हे झालं असं आपण समजतो. पण ही सवय बहुतेकांना किशोरवयातच लागलेली असते, आणि दुसरं कुणी आवरत असलं की झाकली जाते. आवरणारा गेला की दिसते. पंचविशीतल्या आईचं कपाट कसं होतं ते मावशीला विचार.

विवेक, पूर्वी आम्हीही याला ओसीडीचाच प्रकार समजायचो. २०१३ साली अमेरिकी निदानपुस्तिकेत त्याला 'होर्डिंग डिसऑर्डर' या नावाने वेगळं स्थान मिळालं, नंतर जागतिक आरोग्य संघटनेच्या यादीतही. कारण तुमच्या मेव्हण्यांना हात धुवायचा विचार नकोसा वाटत असणार, तो मानगुटीवर बसत असणार. इथे वस्तू हवीशी वाटते, घेताना आनंद होतो. त्रास होतो तो टाकताना. ओसीडीची गोळी इथे तितकी भरवशाची नाही. सोबत नैराश्य असेल, आणि ते बरेचदा असतं, तर त्याच्यासाठी उपयोग होतो.

टेम्पोबद्दल रात्री लिहिते, क्लिनिकला निघालेय.

वामनराव
आमच्या पिढीला आजारी ठरवायच्या आधी ७२चा दुष्काळ आठवा. सुकडी खाऊन दिवस काढलेत. माझी आई पुड्याचा दोरा सोडवून गुंडाळून ठेवायची, त्या गुंड्यातून आमच्या गोधड्या शिवल्या. ज्यांनी टंचाई पाहिली त्यांच्या हातून वस्तू सुटत नाही. आजार कसला त्यात?

मृणाल_डों
@वामनराव, पण माझ्या मोठ्या आत्यानेही तोच दुष्काळ पाहिला, तिचं घर आरशासारखं आहे. आणि तुमच्या आईने त्या दोऱ्याची गोधडी केली ना. माझी आई त्या दोऱ्याचं काहीच करत नाही.

@केतकी, मावशीला फोन केला. म्हणाली, कॉलेजात असताना आई बसची तिकिटं जपून ठेवायची, लग्नात सासरी दोन ट्रंका घेऊन गेली. एका ट्रंकेत नुसते कागद होते. हे मला माहीत नव्हतं.

बोळातली
या संस्थळावर सहा वर्षं आहे, पाककृती सोडून कुठे लिहीत नाही. आज लिहिते. मी त्या आईच्या जागी आहे. वय ५४, शाळेत शिकवते. शाळेतलं माझं कपाट सगळ्यात नीट असतं. घरी चार वर्षांत कुणाला बोलावलेलं नाही.

लोकांना वाटतं आम्हाला कचरा आवडतो. कसं होतं ते सांगते. परवा एक पाकीट हातात घेतलं. विजेचं बिल, २०१९चं, भरलेलं. टाकायला हरकत नाही. मग वाटलं, मागच्या बाजूला काही लिहिलंय का बघू. एक फोन नंबर होता, नाव नाही. कुणाचा असेल? महत्त्वाचा असेल म्हणूनच लिहिला ना? वहीत उतरवून घ्यावा. पण कुठल्या वहीत? मग वही शोधायला उठले. वाटेत दुसरा ढीग उकरला गेला, त्यात आणखी तीन महत्त्वाचे कागद सापडले, ते "समोर दिसावेत" म्हणून पहिल्या ढिगावर ठेवले. दीड तास गेला. पाकीट अजून तिथेच आहे, फक्त या ढिगातून त्या ढिगात गेलंय. कपाटात ठेवलं की मला ते नाहीसं झाल्यासारखं वाटतं, म्हणून सगळं डोळ्यांसमोर लागतं. म्हणूनच बांगड्याही बिस्किटाच्या डब्यात आणि तो डबा रद्दीत. आमच्याकडे मौल्यवान आणि फालतू एकाच थरात असतं. बाहेरच्याला ते वेगळं करता येत नाही.

माझ्या नणंदेने एकदा माझ्या मागे बाल्कनी साफ केली. रिकामी बाल्कनी बघून मला हायसं वाटलं नाही. चोरी झालेल्या घरात आल्यासारखं वाटलं. काय काय गेलं हेच आठवेना आणि जे आठवेना ते सगळं मोलाचं वाटायला लागलं. दोन महिन्यांत मी बाल्कनी दुप्पट भरली. त्याआधी मी कधीकधी स्वतःहून एखादी पिशवी टाकत असे. नंतर तेही बंद झालं.

पिशव्यांच्या गाठींबद्दल वाचून पोटात कालवलं. गाठ कुणी सोडली तर कळावं म्हणून मारतात ती. मीही मारते.

मृणाल_डों
बोळातली, तुमचा प्रतिसाद तीनदा वाचला. गाठींचं माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

नंद्या४३
बोळातली ताईंबद्दल आदर आहे. पण नोटीस आलीय, उद्या शॉर्टसर्किट झालं तर खालचे चार मजले काय करणार? भावना सगळ्यांना असतात, शेजाऱ्यांनाही.

मेलबर्नकर
नंद्यांचा हा मुद्दा हसण्यावारी नेऊ नका. आमच्या इथल्या अग्निशमन दलाने १९९९ ते २००९ या काळातल्या घरांच्या आगी तपासल्या होत्या. अशा भरलेल्या घरांतल्या आगी चारशेत एक, पण टाळता येण्याजोग्या आगींत गेलेल्या माणसांपैकी जवळजवळ चौथा हिस्सा याच घरांतला. आग पसरते, माणसाला बाहेर पडायला वाट नसते आणि बंबवाल्यांना आत शिरायला.

न्यूयॉर्कच्या कॉलियर बंधूंची गोष्ट १९४७ची. धाकटा भाऊ स्वतःच रचलेल्या ढिगाखाली दबला, आंधळा मोठा भाऊ उपाशी मेला. धाकटा मिळायला दोन आठवड्यांहून जास्त लागले, आणि तो भावापासून दहाच फुटांवर होता. घरातून शंभर टनांहून जास्त सामान निघालं.

केतकी_मानस
रात्रीचं आश्वासन पाळतेय, उशीर झाला.

नंद्या आणि मेलबर्नकर बरोबर आहेत, आणि तरी टेम्पो चूक आहे. बोळातलीने पाकिटाचं जे लिहिलंय तोच आजार आहे. वस्तू हातात घेऊन "हे जाऊ दे" असं ठरवणं जमत नाही, ठरवताना जी भीती येते ती सोसवत नाही, म्हणून निर्णय पुढे ढकलला जातो. पुढे ढकललेल्या निर्णयांचा ढीग म्हणजे तो हॉल. अमेरिकेत २०१२ साली एक प्रयोग झाला. लोकांना त्यांच्याच घरी आलेलं टपाल आणि दुसऱ्या कुणाचं टपाल दाखवून विचारलं, ठेवायचं की यंत्रात घालून फाडायचं. हा आजार असलेल्यांच्या मेंदूत स्वतःच्या कागदाला जणू धोक्याची घंटा वाजत होती, आणि दुसऱ्याच्या कागदाला इतरांपेक्षाही कमी हालचाल होती. म्हणूनच बहुधा अशी काही माणसं शेजाऱ्याचं घर छान आवरून देतात.

आता दादाने तीन दिवसांत काय केलं? हजारो निर्णय आईच्या वतीने घेतले. आईने एकही घेतला नाही. घर रिकामं झालं, ठरवण्याची ताकद होती तिथेच राहिली, उलट खचली. वस्तू आणण्याच्या सवयीला तर कुणी हातच लावला नाही. शिवाय निळा डबा गेला. तिला आयुष्यभर जी भीती वाटत होती, की टाकलं की काहीतरी महत्त्वाचं जाईल, ती दादाने खरी करून दाखवली.

आगीचं म्हणाल तर त्याला वेगळं धरायचं. पहिल्या टप्प्यात टाकण्याबद्दल बोलायचंच नाही, हलवण्याबद्दल बोलायचं. शेगडीच्या दोन्ही बाजूंना हातभर जागा, सिलिंडर आणि रेग्युलेटरपर्यंत हात पोचला पाहिजे. पलंगापासून दारापर्यंत आणि बाथरूमपर्यंत वाट. ढीग कमरेच्या वर नको, म्हणजे अंगावर पडणार नाही. वायरवर कागद नकोत. यातलं काहीच "हे फालतू आहे" असं म्हणत नाही, म्हणून बरेचजण याला तयार होतात. सोसायटीलाही हेच लेखी द्या, मुदत मागा.

घरात लहान मूल असेल, कुणी अंथरुणाला खिळलेलं असेल, गॅसचा खरा धोका असेल, तर कधी जबरदस्तीने करावं लागतं. तेव्हाही माणसाला समोर ठेवून, लागेल तेवढीच जागा. आणि आपण फक्त वेळ विकत घेतलाय हे ओळखून.

नंद्या४३
आमच्या काकांचं तीनदा करावं लागलं, हे मीच वर लिहिलंय. आत्ता लक्षात आलं. तरी केतकीताई, तुमचं हे वाट काढणं किती वर्षं चालतं?

केतकी_मानस
एकेकट्याची उपचारमालिका पंचवीसेक सत्रांची असते, काही सत्रं घरी जाऊन. बऱ्याच जणांना फरक पडतो. पण घर मासिकातल्यासारखं होत नाही, आणि काही जण मधेच सोडतात. खोटं कशाला सांगू.

तुषार_नाशिक
एक शंका. माझ्या सासऱ्यांनी आयुष्यभर काही साठवलं नाही. ७४व्या वर्षी अचानक रस्त्यावरच्या बाटल्या आणायला लागले, खरकटंही ठेवतात, आंघोळ टाळतात. हे तेच का?

केतकी_मानस
तुषार, हे वेगळं असू शकतं. म्हातारपणी नव्यानेच सुरू झालं आणि सोबत स्वभाव, स्वच्छता बदलली, तर आधी न्यूरॉलॉजिस्टला दाखवा. स्मृतिभ्रंशाच्या काही प्रकारांत असं होतं. वाट पाहू नका.

अडकित्ता
केतकीताई, एक छाप शोधायला अकरा मिनिटं लागली. काळजी करण्यासारखं आहे का? शिवाय दुहेरी छापांचे तीन खोके पलंगाखाली आहेत, ते बायकोला माहीत नाहीत. इथे कुणी बोलू नये.

मृणाल_डों
सात आठवड्यांनी लिहितेय. धागा वर आणल्याबद्दल क्षमस्व.

दादाला हा धागा पाठवला. त्याने वाचला, काही बोलला नाही. पुढच्या रविवारी आईला फोन करून म्हणाला, "बांगड्यांचं माझं चुकलं." आई म्हणाली, "जेवलास का?" एवढंच.

मी दर शनिवारी जाते. ठरलंय असं, की तिने दिल्याशिवाय कशाला हात लावायचा नाही, पिशवीची गाठ तीच सोडणार. दीड तास, मग चहा. पहिल्या शनिवारी फक्त ओट्याबद्दल बोललो. दुसऱ्या बर्नरवरचे डबे तिने स्वतः उचलले आणि पलंगावर ठेवले. मला ओरडावंसं वाटलं, ओरडले नाही. पण कितीतरी दिवसांनी दोन्ही बर्नर पेटले, एकीकडे भात, एकीकडे आमटी.

इथल्या एका समुपदेशक बाई महिन्यातून दोनदा तिच्याशी बोलतात. त्यांनी एक खेळ सांगितला. एक वस्तू टाकायची, तेव्हा किती वाईट वाटतंय ते शून्य ते दहामध्ये लिहायचं, मग तासाने, मग दुसऱ्या दिवशी. पहिली वस्तू दुधाची पिशवी, एकच. आईने लिहिलं आठ. तासाने सात. मला वाटलं, झालं. रविवारी फोनवर म्हणाली, "तीन. पण ती चांगली जाड होती." लग्नपत्रिकांना नऊ दिले आणि दुसऱ्या दिवशीही नऊच होते, त्या परत ठेवल्या. बाईंनी सांगितलं होतं, मागितलं तर परत द्यायचं, म्हणून बाहेर जाणारी पिशवी आम्ही एक दिवस दाराशी ठेवतो.

दुसरं, जे मला सगळ्यात अवघड वाटलं ते म्हणजे बाजारात जाऊन रिकाम्या हाताने परत येणं. फुकट वाटत असलेल्या कॅलेंडरच्या टेबलासमोर आम्ही दहा मिनिटं उभ्या होतो. आईच्या हाताला घाम आला होता. एक घेऊनच आली. पण एकच.

हॉल जवळपास तसाच आहे. सोसायटीने तीन महिने दिलेत, सेक्रेटरींनी ओटा आणि वाट बघितली, हॉल बघून मान हलवली. पुढे काय होईल माहीत नाही. दादाला अजून किल्ली मिळालेली नाही.

नंद्या४३
काकांना परवा विचारलं, त्या वेळी नेमकं काय गेलं होतं. म्हणाले, तुझ्या काकूची शिवणाची कात्री. मला आठवतही नाही ती.

बोळातली
मृणाल, आठ-सात-तीन मी वहीत लिहून घेतलं. २०१९चं ते पाकीट काल टाकलं. आधी त्या नंबरवर फोन लावला. गॅसवाल्याचा होता. नऊ लिहिलंय, उद्या बघते.